कानाची पाळी सुजली आहे. स्टड काढू की राहू देऊ?

*एकोणीस दिवसांपूर्वी मी दोन्ही कानांच्या पाळ्या बंदुकीसारख्या यंत्राने टोचून घेतल्या. उजवा कान ठीक आहे. डावी पाळी मात्र चार दिवसांपासून सुजली आहे, लाल आणि गरम लागते, रात्री ठणकते आणि दाबले की पिवळा पू येतो. स्टड घट्ट बसल्यासारखा वाटतो. मी रोज पाच वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिटने कान पुसते आणि भोक चिकटू नये म्हणून स्टड फिरवते. माझीच स्वच्छता कमी पडली का? मैत्रीण म्हणते, आत्ताच्या आत्ता काढून टाक. बहीण म्हणते, काढलास तर भोक बुजेल. एवढ्याशा पाळीसाठी डॉक्टरांकडे जायला संकोच वाटतो. काय करू?*
— एक वाचक

तुमच्या पत्रातला ‘घट्ट’ हा शब्द मला पुवाहून जास्त खटकला. म्हणून पुढचे काही वाचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि कानाकडे नीट बघा. मागची बाजू आरशात दिसत नसेल तर कोणाला तरी फोनवर जवळून फोटो काढायला सांगा. समोरून स्टडचे डोके पूर्ण दिसते का, की कडेची कातडी त्यावर चढू लागली आहे? मागून फिरकी पाळीपासून सुटी दिसते का, की ती मांसात रुतली असून तिची जेमतेम कड दिसते? डोके किंवा फिरकी यांपैकी काहीही आत बुडत असेल, तर हे सदर इथेच बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जावे आणि तोवर स्टडला हात लावू नये. घरी ओढाताण केली की फिरकी आत राहते, दांडी तेवढी हातात येते आणि सोपे काम अवघड होते.

असे का होते, ते सांगते. टोचण्याच्या यंत्रातून येणाऱ्या स्टडच्या दांडीची लांबी ठरलेली असते, पाळीची जाडी मात्र माणसागणिक वेगळी. यंत्राचा दट्ट्या बसतो तेव्हा डोके समोरून आणि दाबून बसणारी फिरकी मागून पाळीला चिकटूनच बसतात. टोचल्यावर प्रत्येक पाळी थोडी तरी सुजते आणि त्या सुजेला जागा हवी असते. जागा नसेल तर पाळी दोन्ही बाजूंनी चिमटीत सापडते, चिमटीतल्या कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आतला द्रव बाहेर पडायची वाट बंद होते आणि अशा ओलसर, कोंडलेल्या जागी जंतूंना आयते घर मिळते. जंतू वाढले की सूज वाढते, सूज वाढली की चिमटा आणखी आवळतो. हे चक्र कितीही पुसले तरी थांबत नाही.

एका शाळकरी मुलीला घेऊन तिची आई माझ्याकडे आली होती, ते अजून आठवते. आईची तक्रार होती की फिरकी कुठेतरी गळून पडली आहे आणि तरीही स्टड निघत नाही. पाळीच्या मागे फक्त एक गुलाबी फुगवटा होता आणि त्याच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढे ओले छिद्र. फुगवटा बोटांमध्ये हलकेच धरला तर आत काहीतरी कडक लागले. फिरकी हरवलेली नव्हती, पाळीनेच ती गिळली होती. पाळी बधिर करून समोरून दांडी थोडी मागे ढकलली आणि त्या छिद्रातूनच फिरकी बाहेर काढली. काम काही मिनिटांचे होते. आदल्या आठवडाभर घरात चिमटे आणि पक्कड घेऊन जे प्रयत्न झाले होते, त्याने मात्र त्या मुलीला फार त्रास दिला होता.

तुमची फिरकी मागून स्पष्ट दिसत असेल, तर ती आज सैल करायला हरकत नाही. आधी कोमट मिठाच्या पाण्याने (त्याची कृती पुढे येते) खपली भिजवून मऊ करा. एका हाताच्या चिमटीत समोरचे डोके स्थिर धरा, दुसऱ्या हाताने फिरकी हळूहळू डावी-उजवी हलवत दांडीच्या टोकाकडे सरकवा. बऱ्याच स्टडच्या टोकाजवळ एक बारीक खाच असते. फिरकी तिथे अडकून बसते आणि गळून पडत नाही. फिरकी आणि पाळी यांच्यामध्ये थोडी फट दिसली पाहिजे. फिरकी सरकत नसेल किंवा खाचेपर्यंत नेऊनही फट उरत नसेल, तर जोर लावू नका. त्याचा अर्थ एवढाच की ही दांडी तुमच्या सुजलेल्या पाळीला अपुरी आहे आणि तिच्या जागी लांब दांडीचा स्टड घालणे हे डॉक्टरांचे किंवा जाणकार टोचणाऱ्याचे काम आहे.

आता मैत्रीण आणि बहीण यांच्यातल्या वादाकडे येऊ. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघीही भोक शाबूत राहील की नाही याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. माझ्या दृष्टीने प्रश्न पुवाला बाहेर पडायची वाट राहील की नाही, हा आहे. टोचल्यावर पाळीत जी नळी तयार होते, तिच्या आतल्या भिंतीवर नवी कातडी दोन्ही तोंडांकडून मध्याकडे सरकत येते आणि मऊ पाळीत हे काम पुरे व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. एकोणीस दिवसांची नळी म्हणजे आतून अजून उघडी जखम आहे. दांडी काढली की तिची दोन्ही तोंडे फार लवकर, कधी कधी काही तासांतच, मिटू लागतात. वरची कातडी मिटते, आतला पू मात्र आतच राहतो. त्याचे गळू होते आणि मग ते चिरून रिकामे करावे लागते.

एका विशीतल्या मुलाच्या बाबतीत मी हे अगदी टप्प्याटप्प्याने पाहिले. पाळीतून पू येऊ लागल्यावर त्याने त्याच रात्री स्टड काढला. दुसऱ्या दिवशी पू दिसेनासा झाला, म्हणून तो खूश झाला. तिसऱ्या दिवशी ठणका वाढला. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा पाळीत वाटाण्याएवढी घट्ट, चकचकीत गाठ होती आणि बोट ठेवले की आत पातळ काहीतरी हलल्यासारखे लागत होते. पू येणे थांबले होते हे खरे, पण ते बरे झाल्यामुळे नव्हे, दार बंद झाल्यामुळे. छेद देऊन निचरा केल्यावर त्याला त्याच दिवशी आराम पडला. छेदाचा व्रण मात्र त्याच्या पाळीवर राहिला.

म्हणून पाळीच्या साध्या संसर्गात, स्टड सुटा आणि सैल असेल तर तो जागेवर राहू द्यावा, असे माझे मत आहे. दांडीच्या कडेने पू झिरपत राहतो आणि बाहेर पडतो. याला अपवाद आहेत. स्टड रुतला असेल, धातूची ॲलर्जी असेल, संसर्ग कानाच्या वरच्या कडक भागात असेल किंवा उपचार सुरू करूनही पाळी सुधारत नसेल, तर स्टड काढावाच लागतो. पण तो निर्णय तपासणाऱ्याने घ्यायचा आणि काढतानाच आतला निचराही पाहायचा. भोक बुजलेच, तर पाळी पूर्ण बरी होऊन मऊ पडल्यावर, निदान दोन-तीन महिन्यांनी, जुन्या व्रणातून न टोचता जरा बाजूला पुन्हा टोचता येते. मोडलेले भोक पुन्हा पाडता येते; चिघळलेली पाळी सहज पूर्ववत होत नाही.

हा खरोखर संसर्गच आहे का, असाही प्रश्न विचारला पाहिजे, कारण ताज्या भोकातून येणारा प्रत्येक ओलावा पू नसतो. भरत येणाऱ्या जखमेतून पातळ, पाण्यासारखी किंवा फिकट पिवळसर लस येते आणि वाळून दांडीवर तिची भुरकट खपली धरते. तिला वास नसतो, पाळी गरम नसते आणि दुखणे दिवसागणिक कमी होत जाते. पू दाट असतो, पिवळा किंवा हिरवट असतो, कधी त्याला वास येतो आणि त्याच्याबरोबर दुखणे वाढत जाते. तुमच्या वर्णनात गरमपणा आहे, ठणका आहे आणि पंधरा दिवस ठीक गेल्यावर पुन्हा बिघडलेली पाळी आहे. ही लस नाही, संसर्गच आहे.

निकेलची ॲलर्जी हे दुसरे नेहमीचे कारण. तिची खूण ठणका नसून खाज असते. पाळी कोरडी, खवल्यांची किंवा बारीक पुटकुळ्यांनी भरलेली दिसते, त्यातून पातळ पाणी येते आणि एकाच धातूचे स्टड असतील तर त्रास बहुधा दोन्ही कानांना होतो. दोघांची सरमिसळही होते: ॲलर्जीने फुटलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात. तुमचा उजवा कान शांत आहे, त्यामुळे धातूवरचा संशय तूर्त मागे ठेवायला हरकत नाही.

आणि हाच उजवा कान तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर देतो. दोन्ही कान एकाच यंत्राने, एकाच धातूने, एकाच दिवशी टोचले गेले आणि दोन्ही तुम्ही सारखेच पुसलेत. स्वच्छता कमी पडली असती, तर फक्त डाव्या कानानेच ती का लक्षात ठेवावी? जे दोन्हीकडे सारखे आहे ते सोडून, वेगळे काय आहे ते शोधा. तुम्ही डाव्या कुशीवर झोपता का? फोन डाव्या कानाला धरता का? त्याच बाजूला केस अडकतात, हेडफोन दाबतो, हेल्मेटचा किंवा चष्म्याचा पट्टा घासतो, असे काही आहे का? डावी पाळी थोडी जाड असेल, तर तिथे दांडी आधीपासूनच तोकडी पडली असेल. अशा एकाच कानाच्या तक्रारींत मला बहुतेक वेळा दाब आणि घर्षण सापडले आहे, मळ क्वचितच.

उलट तुमची स्वच्छता कमी पडली नाही, ती जास्त झाली आहे, असे मला वाटते. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर फेसाळते तेव्हा ‘काम होते आहे’ असे वाटते, पण तो फेस जंतू आणि नव्याने वाढणाऱ्या पेशी यांत भेद करत नाही. स्पिरिट कातडी कोरडी पाडते, तिला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगा जंतूंना नवी दारे ठरतात. दिवसातून पाच वेळा हे झाले म्हणजे नळीच्या भिंतीवर रात्रीत जी कोवळी कातडी आली, ती सकाळी पुन्हा निघाली. स्टड फिरवण्याचेही तसेच आहे. हा सल्ला जुना आहे, अजूनही पुष्कळ ठिकाणी दिला जातो आणि त्यामागचा हेतू वाईट नाही. पण दांडीवर वाळलेली खपली खरबरीत असते. स्टड फिरवला की ती भोकात ओढली जाते आणि आतली जखम कानशीने घासावी तशी घासली जाते. खपलीबरोबर बाहेरचे जंतूही आत जातात. न फिरवलेला स्टड कातडीला जोडला जात नाही. चिकटते ती खपली आणि ती पाण्याने सुटते. संसर्ग असताना तरी फिरवणे पूर्ण बंद ठेवा.

आता मिठाच्या पाण्याची कृती. औषधाच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक ०.९ टक्क्यांचे सलाइन सर्वांत सोयीचे, कारण त्यात प्रमाण चुकत नाही. ते नसेल तर पाणी उकळून थंड होऊ द्या आणि पाव लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या थोडे वर, म्हणजे चहाच्या सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी, साधे मीठ विरघळवा. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण, असे नाही. दाट मिठाने कातडी चुरचुरते आणि कोरडी पडते. हे पाणी रोज ताजे करा, कालचे उरलेले वापरू नका.

दिवसातून दोन किंवा तीन वेळा, त्याहून जास्त नाही, स्वच्छ गॉजचा तुकडा कोमट सलाइनमध्ये भिजवून पाळीच्या पुढे आणि मागे मिळून दहा मिनिटे धरून ठेवा. गार झाला की पुन्हा बुडवा. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला सहज सोसेल इतकेच. त्याहून गरम असेल तर सुजलेली पाळी भाजण्याचा धोका असतो. या शेकाने दोन गोष्टी साधतात: खपली मऊ होऊन भोकाचे तोंड उघडते आणि रक्तप्रवाह वाढून पू आपसूक झिरपतो. कापूस वापरू नका. त्याचे तंतू दांडीभोवती गुंडाळले जातात, दिसत नाहीत आणि आत राहून चिघळवतात. शेवटी सुटलेली खपली गॉजने हलकेच टिपून घ्या. जी सुटत नाही ती नखाने उकरू नका, पुढच्या खेपेला सुटेल. मग स्वच्छ टिश्यू पेपरने पाळी टिपून कोरडी करा, विशेषतः फिरकीमागची घडी, कारण ओल राहते ती तिथेच. टॉवेल नको, त्याचे धागे अडकतात आणि तो वाटतो तितका स्वच्छ नसतो.

पू येतो का ते पाहण्यासाठी दाबून बघणे तर आजपासून बंदच. दाबल्याने थोडा पू बाहेर येतो आणि थोडा आजूबाजूच्या मऊ मांसात ढकलला जातो, जिथे तो आधी नव्हता. दुखण्यासाठी एरवी तुम्हाला चालते ती पॅरासिटॅमॉलची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात घेता येते.

मलमांविषयी थोडे सावध राहायला सांगते. घरात पडलेले प्रतिजैविकाचे मलम लावावेसे वाटते, पण जाड थर दिला तर तो भोकाचे तोंडच बंद करतो. निओमायसिन असलेल्या मलमांची काहींना ॲलर्जी होते आणि मग मूळ संसर्ग वाढला की मलमाने पुरळ उठले, हे ओळखणे कठीण होते. त्याहून वाईट ती स्टिरॉइड मिसळलेली मलमे. ती लावल्यावर लाली आणि खाज एक-दोन दिवसांत उतरते, माणूस निर्धास्त होतो आणि आत जंतू मोकळेपणी वाढत राहतात. डॉक्टरांनी म्युपिरोसिनसारखे मलम लिहून दिले, तर ते अगदी पातळ आणि सांगितलेल्या दिवसांपुरतेच लावावे.

डॉक्टरांकडे जाण्याविषयी मी तुमच्याशी घासाघीस करणार नाही. चार दिवस वाढत गेलेली सूज, पू आणि घट्ट स्टड एवढे एकत्र असताना उद्यापर्यंत दाखवावे, घरची निगा त्याच्या जोडीला चालू ठेवावी. ज्यांची तक्रार याहून सौम्य आहे, म्हणजे किंचित लाली, थोडा ओलावा आणि सैल स्टड, त्यांनी वर सांगितलेली निगा दोन दिवस करून पाहायला हरकत नाही, पण ते दोन दिवस मोजून घ्यावेत. लाल भागाच्या कडेने बॉलपेनने बारीक रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. लाली रेघेच्या आत सरकली तर ठीक. ती रेघ ओलांडून गालाकडे, मानेकडे किंवा कानाच्या वरच्या भागाकडे गेली, तर दोन दिवस पुरे होण्याची वाट पाहू नये. ताप, थंडी वाजणे, कानाच्या पुढे किंवा खाली मानेत अवधाण येणे, पाळीत वेगळी गाठ हाताला लागणे, यांपैकी काहीही दिसले की त्याच दिवशी जावे. मधुमेह असेल, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर दोन दिवसांची सवलत मुळीच घेऊ नये.

डॉक्टर बहुधा आधी स्टड सुटा आहे का ते पाहतील, मग गळू झाले आहे का ते चाचपतील. गळू असेल तर पाळी बधिर करून छोट्या छेदाने पू काढतील. गळू भरलेले असताना नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, कारण साचलेल्या पुवाच्या आत औषध पुरेसे पोचत नाही. पाळीच्या संसर्गात बहुतेक वेळा कातडीवर नेहमी असणारे स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस हे जंतू असतात आणि त्यांच्यावरच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या काही दिवस दिल्या जातात. कधी पुवाचा नमुना तपासणीला पाठवतात, म्हणजे औषध लागू पडले नाही तर पुढचे निवडता येते. जाताना चार गोष्टी तोंडी न ठेवता कागदावर लिहून न्या: टोचल्याची तारीख, स्टडचा धातू माहीत असेल तर तो, आतापर्यंत काय काय लावले ते, आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते. शेवटची गोष्ट बहुतेकांना आठवत नाही, पण टोचणे हीदेखील जखमच असते. ‘एवढ्याशा पाळीसाठी’ आलात म्हणून कोणी हसणार नाही. मोठी झालेली पाळी आम्हाला जास्त त्रास देते.

ज्यांनी पाळीऐवजी कानाच्या वरच्या कडक भागाला टोचून घेतले आहे, त्यांनी मात्र माझा वरचा ‘दोन दिवस पाहा’ हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये. तिथे कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. पू त्या आवरणाखाली साचला की कूर्चा उपाशी पडते, मरते आणि कानाचा आकार कायमचा चुरगळतो. तिथला नेहमीचा जंतू स्यूडोमोनास आहे आणि पाळीच्या संसर्गावर सर्रास दिली जाणारी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. वरचा कान लाल, सुजलेला आणि हात लावू न देणारा असेल आणि खालची मऊ पाळी मात्र साधी दिसत असेल, तर ही त्याची ठळक खूण समजावी, कारण पाळीत कूर्चा नसते. असा कान त्याच दिवशी दाखवावा.

संसर्ग शमला, म्हणजे जखम भरली असे नाही. पू आणि ठणका थांबल्या दिवसापासून ६ ते ८ आठवडे नव्याने मोजायला घ्या आणि तोवर स्टड बदलू नका, तासाभरासाठी काढूनही ठेवू नका, लोंबते किंवा जड कानातले घालू नका. रोज उशीचा अभ्रा बदलणे जमत नसेल तर निदान धुतलेला स्वच्छ रुमाल उशीवर पसरा आणि उजव्या कुशीवर झोपा. फोन काही दिवस स्पीकरवर ठेवा. शाम्पू आणि केसांचे स्प्रे पाळीवर साचू देऊ नका, पोहणे थांबवा.

पुढे कधी स्टड घ्यायचा झाला, तर मी आधी दांडीची लांबी पाहीन, मग धातू, आणि डिझाइन सर्वांत शेवटी. ताज्या भोकासाठी शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम सर्वांत निर्धोक. नायोबियम किंवा १४ कॅरेट आणि त्यावरचे, निकेल न मिसळलेले सोनेही चालते. मुलामा दिलेले दागिने टाळावेत, कारण मुलामा झिजला की खालचा धातू थेट जखमेला लागतो. ‘सर्जिकल स्टील’ या नावाने फसू नये. त्यात निकेल असतेच. चांगल्या दर्जाच्या स्टीलमधून ते फार कमी सुटते, म्हणून बहुतेकांना चालते, पण नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याने ज्यांना खाज सुटते, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. फिरकी निवडताना मागे फुलपाखराच्या आकाराची घडी असलेली टाळा, तिच्या वळणांत खपली आणि केस अडकून बसतात. मागून गुळगुळीत, चपटी चकती असलेला स्टड झोपताना टोचत नाही आणि पुसायलाही सोपा. टोचून घ्यायचे असेल तर एकदाच वापरायच्या पोकळ सुईने घ्या. यंत्राची बोथट दांडी पाळी भेदताना आजूबाजूचे मांस चेंगरते आणि प्लास्टिकचे भाग असलेली यंत्रे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करता येत नाहीत.

आणि उजवा कान ठीक आहे म्हणून त्याला विसरू नका. तिथलीही फिरकी आज सैल करून फट दिसते का ते पाहा, आणि पेरॉक्साइडची बाटली त्याच्याही वाट्याला जाऊ देऊ नका.